बुकिंगची पावती आणि रांगेतला नंबर: डिचोलीतल्या एका गाडीचं प्रकरण

हे प्रकरण गोव्यातल्या शोरूममध्ये नेहमी घडणाऱ्या बुकिंगांवरून बेतलेलं आहे. कुटुंब, शोरूम आणि मॉडेल यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. रकमा आणि तारखा हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत. जीएसटीच्या तारखा आणि कायद्याची कलमं मात्र खरी आहेत.

डिचोलीतल्या एका शिक्षक दाम्पत्याने १० मे २०२५ रोजी पर्वरीच्या शोरूममध्ये एक छोटी एसयूव्ही बुक केली. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, पांढरा रंग आणि वर काळं छप्पर. एक्स-शोरूम किंमत साडेनऊ लाख, बुकिंगची रक्कम २१,००० रुपये. २७ ऑगस्टला चवथ होती आणि त्याआधी गाडी हवी होती. सेल्समन म्हणाला, "सर, दहा आठवडे धरा. चवथीला गाडी तुमच्या दारात." दहा आठवडे म्हणजे १९ जुलै. हाताशी महिनाभर राहतो, म्हणून दोघं निश्चिंत घरी आली.

बुकिंग फॉर्मवर 'अंदाजे डिलिव्हरी' असा एक रकाना होता आणि तो कोराच राहिला. पुढच्या सगळ्या गुंत्याचं मूळ त्या कोऱ्या रकान्यात आहे. तोंडी सांगितलेले दहा आठवडे नंतर सिद्ध करता येत नाहीत. भारतीय करार कायद्याचं कलम ५५ म्हणतं की, मुदत हा कराराचा गाभा आहे असं दोन्ही पक्षांना अभिप्रेत असेल आणि ती पाळली गेली नाही, तर समोरच्याला करार मोडण्याचा अधिकार मिळतो. मुदत कागदावर नसेल तर ती गाभा होती हे दाखवायचं कशावरून? सेल्समन तारीख लिहायला तयार होत नसेल, तर त्याच संध्याकाळी शोरूमच्या अधिकृत ईमेलवर चार ओळी पाठवाव्यात: "आज अमुक व्हेरिएंट, अमुक रंग बुक केला, दहा आठवड्यांत गाडी मिळेल असं सांगण्यात आलं, चवथीपूर्वी गाडी हवी हे कारण आम्ही सांगितलं आहे." उत्तर आलं नाही तरी तारखेची नोंद राहते.

आता ते दहा आठवडे आले कुठून, ते पाहू. सेल्समन जो आकडा सांगतो तो बहुतेक वेळा संपूर्ण मॉडेलची सरासरी असते. रांग मात्र मॉडेलची नसते. ती व्हेरिएंट, गिअर आणि रंग या तिघांच्या जोडणीची असते, आणि तीही त्या एका विक्रेत्याकडची. कंपनी प्रत्येक विक्रेत्याला दर महिन्याला ठरावीक गाड्या पाठवते. गोव्यात एकेका ब्रँडचे विक्रेते मोजके आणि विक्रीही मोठ्या राज्यांच्या मानाने थोडी, त्यामुळे कमी खपाच्या रंगाच्या महिन्याला तीन-चारच गाड्या उतरतात. म्हणून "किती दिवस लागतील?" या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही. दोन आकडे विचारावेत: याच जोडणीच्या किती ऑर्डर आपल्यापुढे आहेत, आणि गेल्या तीन महिन्यांत या जोडणीच्या दरमहा किती गाड्या प्रत्यक्ष आल्या. विक्रेत्याच्या संगणकात दोन्ही आकडे असतात.

या प्रकरणात १० मे रोजी दुरंगी ऑटोमॅटिकच्या ११ ऑर्डर पुढे होत्या आणि महिन्याला सरासरी ४ गाड्या येत होत्या. म्हणजे दाम्पत्याचा नंबर बारावा. बाराला चारने भागलं की तीन महिने, म्हणजे १० ऑगस्टच्या आसपास. हे दहा आठवडे नव्हेत, पण चवथीआधी गाडी येण्याजोगी होती. हा हिशेब कोणी केला नाही. केला असता, तरी गाडी वेळेत आली नसती, कारण मध्ये दुसरीच गोष्ट घडली होती.

२१,००० रुपयांची पावती १० मेची होती. कंपनीच्या प्रणालीत ऑर्डर नोंदवली गेली ती २ जूनला. बुकिंगची पावती ही विक्रेत्याने पैसे घेतल्याचा पुरावा असते. रांगेतली जागा ठरते ती कंपनीच्या प्रणालीत ऑर्डर क्रमांक तयार होतो त्या दिवसापासून. ऑर्डर चढवायला उशीर का होतो याची कारणं साधी असतात. कधी पॅन किंवा पत्त्याचा कागद अपुरा असतो. कधी विक्रेता महिन्याच्या सुरुवातीला सगळ्या ऑर्डर एकत्र चढवतो. कधी ग्राहक टिकतोय का, हे पाहून मगच चढवतो. त्या २३ दिवसांत ३ गाड्या आल्या आणि ८ नव्या ऑर्डर चढल्या. २ जूनला दाम्पत्यापुढे १६ जण होते. वेळेवर नोंद झाली असती, तर पुढे ८ जण राहिले असते. सतरावा नंबर म्हणजे सव्वाचार महिने, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. चवथ तेव्हाच हातची गेली होती, पण दोघांना ते कळलं जुलैच्या शेवटी.

हे ओळखायची खूण सोपी आहे. ऑर्डर चढली की बहुतेक कंपन्या ग्राहकाच्या मोबाइलवर थेट एसएमएस किंवा ईमेल पाठवतात आणि त्यात ऑर्डर क्रमांक असतो. दोन-तीन दिवसांत असा निरोप आला नाही तर शोरूममध्ये जावं, संगणकावरचा ऑर्डरचा पडदा समोर उघडायला लावावा आणि त्यावरची तारीख, व्हेरिएंट, रंग, मोबाइल नंबर पाहून घ्यावा. मोबाइल नंबर चुकीचा टाकलेला असेल, तर पुढचे सगळे निरोप दुसऱ्याकडे जातात.

२६ जुलैला दाम्पत्य शोरूममध्ये गेलं तेव्हा पुढे अजून ९ जण होते. मॅनेजरने सुचवलं, काळ्या छपराऐवजी पूर्ण पांढरी घ्या, ती लवकर मिळेल. ही सूचना वाईट नव्हती. पूर्ण पांढऱ्याच्या महिन्याला ७ गाड्या येत होत्या आणि २ जूनच्या आधी तारीख असलेल्या फक्त ४ ऑर्डर उरल्या होत्या. पाचवा नंबर, म्हणजे साधारण तीन आठवडे.

पण रंग किंवा व्हेरिएंट बदलण्याच्या दोन पद्धती असतात आणि ग्राहकाला त्यातला फरक क्वचितच सांगितला जातो. एकीत तीच ऑर्डर दुरुस्त होते आणि जुनी तारीख टिकते. दुसरीत जुनी ऑर्डर रद्द होऊन नवी चढते आणि ग्राहक नव्या रांगेच्या शेपटाला जातो. शिवाय पहिली ऑर्डर 'ग्राहकाने रद्द केली' अशी नोंद होऊन कपात लागू शकते. इथे दाम्पत्याने दुरुस्तीचा अर्ज लेखी दिला, त्यात "२ जूनची ऑर्डर तारीख कायम ठेवून" हे शब्द घातले आणि नव्या पडद्याचा फोटो घेतला. या सगळ्या प्रकरणात त्यांनी केलेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम. १४ ऑगस्टला फोन आला, "टीचर, तुमची गाडी अलॉट झाली." चॅसी नंबरही मिळाला.

दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून दिवाळीपर्यंत जीएसटीत सुधारणा येतील असं जाहीर केलं. छोट्या गाड्या १८ टक्क्यांत येतील अशी चर्चा लगेच सुरू झाली. त्या वेळी अशा पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस, असा एकूण २९ टक्के कर होता. १८ ऑगस्टला शोरूमचं पत्र आलं: २५ ऑगस्टपर्यंत पूर्ण रक्कम भरा.

आता रक्कम मांडून पाहू. साडेनऊ लाखांतून २९ टक्के कर बाजूला काढला तर गाडीची मूळ किंमत सुमारे ७,३६,४३४ रुपये राहते. त्यावर १८ टक्के लावले तर किंमत होते ८,६८,९९२. फरक ८१,००८ रुपयांचा. एवढी रक्कम समोर दिसत असताना चवथीचा मुहूर्त साधायचा की थांबायचं, हा प्रश्न घरात दोन दिवस चालला. त्यात एक गैरसमज मध्ये आला. बुकिंग मे महिन्यात झालंय, तेव्हा जुनाच दर लागणार, असं कोणीतरी सांगितलं. तसं नसतं. बुकिंग फॉर्मवर जवळजवळ नेहमी 'किंमत बिलाच्या दिवशीची' अशी अट असते. ती जानेवारीतल्या दरवाढीत ग्राहकाच्या विरुद्ध जाते आणि दर उतरतात तेव्हा त्याच्या बाजूने. कराचंही तसंच. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४ नुसार दर बदलल्यानंतर गाडी दिली आणि बिलही बदलानंतरच फाडलं, तर आधी आगाऊ रक्कम भरलेली असली तरी नवा दर लागतो. जुना दर लागू होतो तो बिल आणि पैसे दोन्ही आधीच झाले असतील तर. म्हणून २५ ऑगस्टला पूर्ण रक्कम भरून बिल घेणं आणि ते न घेणं यांत सगळा फरक होता.

शोरूमला घाई का होती, तेही समजून घ्यायला हवं. विक्रेत्याने गाड्या कंपनीकडून सेस भरून घेतलेल्या होत्या. सेस उठला तर आधी भरलेली ती रक्कम वळती करून घ्यायला जागा उरणार नव्हती. शिवाय महिन्याचं विक्रीचं उद्दिष्ट असतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये जेवढी बिलं फाडता येतील तेवढी त्याला हवी होती. मॅनेजरने फोनवर सांगितलं, "मुदतीत पैसे आले नाहीत तर बुकिंग रद्द, एकवीस हजार जप्त."

दोघांनी विचार केला, २१,००० गेले तरी ८१,००० वाचतात, आणि २२ ऑगस्टला बुकिंग रद्द करत असल्याचा ईमेल पाठवला. निर्णय पैशाच्या हिशेबाने चुकीचा नव्हता. मात्र फॉर्मची मागची बाजू तोवर कोणी नीट वाचली नव्हती.

तिथे रद्द करण्याच्या तीन पायऱ्या छापलेल्या होत्या. गाडी अलॉट होण्याआधी रद्द केल्यास १,००० रुपये कपात. अलॉट झाल्यावर पण बिल होण्याआधी रद्द केल्यास ५,००० रुपये. बिल झाल्यावर विमा, नोंदणी, रोड टॅक्स असा प्रत्यक्ष झालेला खर्च. संपूर्ण रक्कम जप्त करण्याची अट कुठेच नव्हती. प्रत्येक शोरूमच्या रकमा वेगळ्या असतात, पण पायऱ्या बहुधा याच असतात, आणि रद्द करण्याच्या दिवशी आपण नेमक्या कुठल्या पायरीवर आहोत हे तारखेनिशी दाखवता यावं लागतं.

म्हणूनच शोरूमचं पुढचं उत्तर महत्त्वाचं ठरलं: "बिल २० ऑगस्टलाच झालंय." महिन्याचा आकडा गाठण्यासाठी ग्राहकाची पूर्ण रक्कम येण्याआधीच बिल फाडण्याची सवय काही विक्रेत्यांना असते. दाम्पत्याने तीन ओळींचं उत्तर पाठवलं: बिलाची प्रत द्या, आमची संमती कुठे आहे ते दाखवा, आणि त्या चॅसी नंबरचा विमा किंवा नोंदणीचा अर्ज झाला असेल तर त्याचा पुरावा द्या. बिल खरंच झालं असेल तरी व्यवहार न झाल्यास विक्रेत्याला क्रेडिट नोट काढून ते मागे घेता येतं, आणि कर कायद्यात त्याची सोय आहे. प्रत आली नाही. तीच गाडी चार दिवसांत रांगेतल्या पुढच्या ग्राहकाला गेली होती.

शेवटचा हा तपशील कायद्याच्या दृष्टीने सर्वांत वजनदार. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की, करार मोडल्यावर कागदावर लिहिलेली दंडाची रक्कम ही वरची मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाईच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात नुकसानच झालं नसेल तर अनामत जप्त करता येत नाही, असं म्हटलं. मागणी जोरात असलेलं मॉडेल रद्द झाल्यावर विक्रेत्याकडे पडून राहत नाही. पुढचा ग्राहक ते त्याच किमतीला उचलतो. मग २१,००० रुपयांचं नुकसान कुठून आलं, याचं उत्तर विक्रेत्याला द्यावं लागतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नेही नुकसानाच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लावणाऱ्या कराराला 'अनुचित करार' म्हटलं आहे. त्या मुद्द्यावरची तक्रार राज्य आयोगाकडे जाते. साधा परतावा न देण्याची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालते, आणि ती ग्राहक राहतो तिथल्या आयोगाकडे करता येते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

दाम्पत्याला तिथवर जावं लागलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक शोरूमला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकाच ईमेलमधून कळवला, आणि ५,००० वजा जाऊन १६,००० रुपये ज्या बँक खात्यातून भरले होते त्यातच परत आले. रक्कम सुरुवातीला सेल्समनच्या खासगी यूपीआयवर न देता शोरूमच्या खात्यात भरली होती, याचा इथे फायदा झाला. खासगी खात्यात गेलेले पैसे बुकिंगचे होते हे दाखवण्यातच अर्धी शक्ती खर्ची पडते.

आता त्या गेलेल्या ५,००० रुपयांकडे वळू, कारण तेही वाचू शकले असते. १८ ऑगस्टच्या पत्रातली अट अशी होती: "मुदतीत रक्कम न आल्यास वाटप रद्द करून गाडी पुढील ग्राहकास देण्याचा अधिकार विक्रेत्याकडे राहील." इथे रद्द होतं ते वाटप. बुकिंग रद्द होईल असं त्यात नाही. अलॉट झालेली विशिष्ट गाडी सोडणं आणि बुकिंगच मोडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "आम्ही ही गाडी घेत नाही, वाटप पुढे द्या, बुकिंग क्रमांक कायम ठेवून आम्हाला पुढच्या वाटपात घ्या," असं पत्र २२ ऑगस्टला गेलं असतं, तर त्या फॉर्मवर कुठल्याच कपातीची अट लागू होत नव्हती. रांगेत काही जागा मागे जावं लागलं असतं, पण जुनी ऑर्डर जिवंत राहिली असती. रद्द करतो हा शब्द ग्राहकाने स्वतः लिहिला की पाच हजारांची पायरी आपोआप सुरू होते. अर्थात काही फॉर्मांवर 'मुदतीत रक्कम न आल्यास बुकिंग रद्द समजले जाईल' असं स्पष्ट छापलेलं असतं. तिथे हा मार्ग बंद. म्हणून ही एक ओळ सही करण्याआधी शोधून वाचावी.

जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबरला निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू झाले. दाम्पत्याने ४ सप्टेंबरला त्याच मॉडेलचं नवं बुकिंग केलं. या वेळी 'अंदाजे डिलिव्हरी' भरून घेतलं, त्याच दिवशी ऑर्डर क्रमांक पाहिला, जुनी ऑर्डर प्रणालीत बंद झाल्याची खात्री केली. उघडी राहिलेली जुनी ऑर्डर त्याच मोबाइल नंबरवर नव्या ऑर्डरला अडथळा करू शकते. पण दर उतरल्याने सगळीकडे गर्दी लोटली होती. दिवाळीही गेली आणि गाडी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आली.

डिलिव्हरीच्या वेळी त्यांनी फॉर्म २२ वर गाडी बनल्याचा महिना पाहिला. रद्द झालेल्या बुकिंगमुळे शोरूमच्या आवारात राहिलेली जुनी गाडी पुढच्या माणसाला ताजी म्हणून दिली जाण्याची शक्यता असते, म्हणून वाटपाचा फोन आला की चॅसी नंबरसोबत महिनाही विचारावा. कर्जाचंही एक सांगायला हवं. बँकेने मे महिन्यात मंजुरी दिली होती. रक्कम मात्र चॅसी नंबर आणि पक्कं बिल हातात येईपर्यंत दाम्पत्याने शोरूमला वर्ग करू दिली नाही. ती ऑगस्टमध्येच गेली असती, तर गाडी नसताना व्याज सुरू झालं असतं आणि रद्द करणं फार अवघड झालं असतं.

रांग लांब दिसली की अनेकजण बेळगाव किंवा कुडाळकडच्या शोरूममध्येही दुसरं बुकिंग करून ठेवतात. त्यात गैर काही नाही, पण मग दोन्ही फॉर्मांवरची 'अलॉट होण्याआधी' ही कपात आधी पाहावी आणि एकीकडे वाटप झालं की त्याच दिवशी दुसरीकडे लेखी रद्द करावं. दोन्हीकडे एकाच आठवड्यात वाटप झालं आणि ग्राहक दोन दिवस विचार करत बसला, की हजाराची कपात पाच हजारांची होते.

चवथीला गाडी दारात नव्हती. माटोळीचं सामान स्कूटरवरच आलं. बचत ८१,००८ उणे ५,००० म्हणजे सुमारे ७६,००० झाली, पण ती करदर बदलण्याच्या त्या पाच-सहा आठवड्यांमुळे. दर स्थिर असताना अलॉट झालेली गाडी सोडणं क्वचितच परवडतं, कारण कपात जाते, रांग जाते आणि जानेवारीची दरवाढ समोर उभी असते.